पुडी की बाटली: एका धुण्याचा खर्च काढताना

घरखर्चाची वही मीच लिहिते, आणि शाम्पू व कपड्यांची पावडर ही त्या वहीतली अशी नोंद होती की जिच्यापुढे दर महिन्याला वेगळाच आकडा यायचा. मोठी बाटली आणि मोठा पॅक स्वस्त पडतो हे गृहीत धरून आम्ही चाललो होतो. मानेवाड्यातल्या आमच्या किराणा दुकानदाराने मात्र एकदा सहज म्हटले, "ताई, पुड्यांची लड घेऊन जा, बाटलीत काय ठेवलंय?" त्याचा हा सल्ला विक्रीसाठी आहे की हिशेबाला धरून आहे, हे तपासायचे मी ठरवले.

पहिली पायरी सोपी होती. पॅक करून विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर एका ग्रॅमचा किंवा एका मिलिलिटरचा भाव छापणे आता बंधनकारक आहे, त्यामुळे ६५० मिलिलिटरच्या, ३९० रुपयांच्या बाटलीवर ०.६० रुपये प्रति मिलिलिटर असे वाचायला मिळाले. दोन रुपयांच्या पुडीवर असा आकडा नव्हता, कारण १० मिलिलिटर किंवा त्याहून कमी मापाच्या पाकिटांना या नियमांतून सूट आहे. पुडीवर ६ मिलिलिटर लिहिले होते, म्हणजे भाव ०.३३ रुपये. एकाच नावाचा शाम्पू, घटकांची यादीही दोन्हीकडे तीच, आणि बाटलीचा भाव जवळजवळ दुप्पट. याचे कारण असे की एक रुपया, दोन रुपये या ठरलेल्या किमतींवर पुडीचा सगळा धंदा उभा आहे आणि तिथे कंपन्यांची चुरस फार मोठी असते. बाटलीच्या गिऱ्हाइकाकडून त्या जास्त पैसे घेऊ शकतात.

येथे एक खबरदारी घ्यावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पूवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीच्या उत्पादनाची छापील किंमत नंतरच्या मालाशी ताडून पाहिली तर तुलनाच चुकते. मी दोन्हींच्या उत्पादनाच्या तारखा पाहूनच आकडे वहीत घेतले.

तरीही एका मिलिलिटरचा भाव म्हणजे एका धुण्याचा खर्च नव्हे. पुडीतला सगळा शाम्पू डोक्यापर्यंत पोहोचत नाही, थोडा आत चिकटून राहतो. किती राहतो ते पाहण्यासाठी मी वापरलेल्या दहा पुड्या त्यांच्या फाडलेल्या तुकड्यांसह डब्यात साठवल्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकत्र तोलल्या, मग धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा तोलल्या. एकेक पुडी तोलून उपयोग नव्हता, कारण आमचा काटा एका ग्रॅमच्या खाली काहीच दाखवत नाही. फरक सहा ग्रॅमचा आला. शाम्पूचा एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर, त्यामुळे पुडीमागे सुमारे ०.६ मिलिलिटर वाया जातो आणि हाती लागणाऱ्या शाम्पूचा भाव ०.३७ रुपये होतो. पुडी तरीही स्वस्तच राहिली.

बाटलीतून एका वेळी किती शाम्पू जातो हे कोणालाच सांगता येत नाही. विचारले तर प्रत्येक जण "थोडासा" असेच म्हणतो. म्हणून मी बाटली रविवारी तोलली, न्हाणीघराच्या दाराशी कागद लावून केस धुतल्यावर रेघ मारायला सांगितले आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोलली. दहा वेळा केस धुतले गेले आणि वजन ९५ ग्रॅमने घटले. म्हणजे एका वेळचा खर्च पाच रुपये सत्तर पैसे आणि आठवड्याचा ५७ रुपये. त्यानंतरच्या आठवड्यात पुड्या वापरल्या. मुलीचे केस कमरेपर्यंत आहेत, तिला दर वेळी दोन लागल्या, मलाही दोन. माझे पती आणि मुलगा यांचे प्रत्येकी एकीत भागले. चौदा पुड्या, २८ रुपये. महिन्याला बाटलीचे सुमारे २४५ रुपये आणि पुड्यांचे सुमारे १२० असा हा फरक पडतो. यातला मोठा वाटा भावाचा आहे, पण थोडा आवरत्या मापाचाही आहे: पुडी संपली की हात थांबतो, बाटलीला तसा थांबा नसतो. सासूबाई अर्धी पुडी वापरून उरलेली चिमट्याने बंद करून ठेवतात आणि ती हमखास सांडते, हे मी हिशेबात धरलेले नाही.

कपड्यांच्या पावडरीचे गणित निराळे निघाले. दहा रुपयांच्या पाकिटात ७२ ग्रॅम होते आणि त्यावर ०.१४ रुपये प्रति ग्रॅम छापले होते. ५६० रुपयांच्या चार किलोच्या पॅकवर १४० रुपये प्रति किलो. एक किलोच्या वरच्या पॅकवर भाव किलोत छापला जातो, त्यामुळे हे दोन आकडे डोळ्यांना फार वेगळे वाटतात, प्रत्यक्षात ते एकच आहेत. फरक फक्त सवलतीचा असतो. तोच पॅक इतवारीतल्या घाऊक दुकानात ५०० रुपयांना मिळाला, म्हणजे ग्रॅममागे साडेबारा पैसे. सोबत "मोफत" बादली असलेला पॅक मी घेतला नाही, कारण त्यावर सवलत नव्हती.

एवढ्यावर मोठा पॅक जिंकायला हवा होता, पण आतला मापाचा चमचा तोलून पाहिल्यावर चित्र पालटले. चमचा सपाट भरला तर ६० ग्रॅम पावडर बसते. आमच्याकडे तो शिगोशीग भरला जातो आणि तेव्हा ती ८५ ग्रॅम होते. आमची वॉशिंग मशीन आठवड्याला पाच वेळा लागते. शिगोशीग चमच्याने आठवड्याला सुमारे ५३ रुपये लागतात, दर वेळी एक छोटे पाकीट फोडले तर ५० आणि सपाट चमच्याने साडेसदतीस. पातेल्यात तांदूळ मोजताना आपण जसा तळवा फिरवून माप सपाट करतो, तसा आता सुरीच्या पाठीने चमचा सपाट होतो.

साठ ग्रॅम पुरतात का, हे मात्र पाण्यावर ठरते. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात पुरले. उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी पडून बोअरवेलचे वापरावे लागते तेव्हा फेस धरत नाही, कॉलरवरची रेघ तशीच राहते आणि वाळलेल्या टॉवेलला वास येतो. तिथे ७५ ग्रॅम घालावे लागतात आणि एका धुण्याचा खर्च साडेसात रुपयांवरून नऊ रुपये चाळीस पैशांवर जातो. उलट, शेवटच्या पाण्यातही फेस दिसला किंवा गडद कपड्यांवर पांढरे डाग उमटले तर पावडर जास्त झाली असे समजावे. पावसाळ्यात उघड्या पॅकमध्ये गुठळ्या होतात आणि चमच्याच्या मापावर विश्वास राहत नाही, म्हणून पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ओतून ठेवते.

सध्या आमच्याकडे शाम्पूची लड आणि पावडरीचा चार किलोचा पॅक अशी व्यवस्था आहे. लड घेताना किंमत पाहण्यात अर्थ नसतो, ती दोन रुपयेच असते. पाहायचे असते ते माप. यावेळच्या लडीवर ६ ऐवजी साडेपाच मिलिलिटर छापलेले आहे. मिलिलिटरचा भाव वाढला, पण पती आणि मुलाचे अजून एकीतच भागते आणि मुलीला दोनच लागतात, म्हणून वहीतला धुण्याचा खर्च मी बदललेला नाही. तिने तिसरी पुडी फोडली की तो बदलेन.