मोहेंजोदडोच्या स्लाइडची गोष्ट करताना

इतिहासाच्या बाईंनी पाचवीसाठी केलेल्या स्लाइड माझ्याकडे आल्या, त्या हडप्पा संस्कृतीवर होत्या. नगररचना, घरे, सांडपाणी, महास्नानगृह, व्यापार, मुद्रा, लिपी, ऱ्हास असे चौदा मथळे आणि प्रत्येकाखाली चार-पाच मुद्दे. मजकूर चोख होता. बाईंना मात्र तो गोष्टीसारखा सांगायचा होता, तोही आठ मिनिटांत. मुलांसमोर सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे माझ्या हातात आठशे शब्द होते.

स्लाइड विषयवार लावलेल्या असतात, तर गोष्टीत एकातून दुसरं निघावं लागतं. एकेक मुद्दा घेऊन त्याला ‘एकदा काय झालं’ जोडत गेलं की चौदा तुटक गोष्टी होतात आणि मुलं तिसरीपाशी हरवतात. म्हणून आधी धागा शोधला. या संस्कृतीची लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे तिथल्या एकाही माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नाही. नायक म्हणून माणूस घेतला तर त्याचं नाव, त्याचं घर, त्याचे संवाद सगळं मनचं लिहावं लागलं असतं. मग नायक म्हणून पाणी घेतलं. त्याची वाट विटांमध्ये अजून दिसते.

बाईंच्या स्लाइडवर ‘सांडपाण्याच्या निचऱ्याची उत्तम व्यवस्था’ एवढंच होतं. त्याचं निवेदन असं झालं:

‘कुणीतरी घरातल्या विहिरीतून पाणी शेंदलं. न्हाणीत ओतलं. न्हाणीची फरशी विटांची, आणि एका कोपऱ्याकडे थोडी उतरती. पाणी त्या कोपऱ्यात गेलं, भिंतीतल्या वाटेने बाहेर पडलं आणि गल्लीतल्या गटारात उतरलं. गटारावर विटांची झाकणं. पुढे एक खड्डा लागला. गाळ तिथे तळाशी बसला, पाणी पुढे गेलं. आता सांगा, हा गाळ उपसला नाही तर काय होईल?’

‘उत्तम’ हा शब्द मुद्दाम काढला. झाकण, उतार आणि खड्डा कळला की व्यवस्था उत्तम होती हे मुलं आपणच म्हणतात. ‘बांधण्यात आली होती’ अशी क्रियापदंही गेली, कारण ती ऐकताना बांधणारी माणसं डोळ्यांसमोर येत नाहीत.

याच धाग्याने महास्नानगृहही आलं. तिथे मापं होती: लांबी सुमारे 12 मीटर, रुंदी 7 मीटर, खोली जवळपास अडीच मीटर. मुलांना आकडे ऐकून काही दिसत नाही. म्हणून निवेदनात कंसात बाईंसाठी सूचना घातली: खोली सांगताना आधी वर्गाच्या दाराकडे हात करा, मग ‘याहूनही खोल’ म्हणा. पाणी झिरपू नये म्हणून लावलेला डांबरासारखा थर आणि कोपऱ्यातून पाणी बाहेर सोडण्याची सोय ठेवली. पाणी पुन्हा कोपऱ्याकडेच निघालं, की न्हाणी ऐकलेली मुलं पुढचं वाक्य स्वतः पूर्ण करतात.

काळाचं थोडं अवघड होतं. ‘इ. स. पू. 2600 ते 1900’ हे मोठ्यांना सरळ वाटतं, पण आकडा उतरत जातो आणि काळ पुढे सरकतो, हे दहा वर्षांच्या मुलाला कानाने पकडता येत नाही. तिथे ‘आजपासून साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी’ केलं आणि मूळ आकडे फळ्यासाठी ठेवले.

सगळ्यात जास्त वेळ कल्पना आणि पुरावा वेगळे ठेवण्यात गेला. निवेदकाच्या आवाजात आलेलं सगळं मुलं खरं धरतात. ‘पुरोहित राजा’ म्हणून ओळखला जाणारा दाढीवाला पुतळा स्लाइडवर होता. गोष्टीत तो आला की मुलं त्याला सिंहासनावर बसवणार. पण तो राजा होता किंवा पुरोहित होता, याचा पुरावा नाही. धान्याच्या कोठाराचंही तसंच. मोहेंजोदडोतल्या ज्या इमारतीला कोठार म्हणतात, ती कोठारच होती का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पुतळा गोष्टीतून काढून प्रश्नोत्तरांकडे नेला. कोठाराचं वाक्य ‘काहींना वाटतं, इथे धान्य ठेवत असावेत’ असं केलं. ‘असावेत’वर आवाज किंचित सैल सोडायचा, ‘होतं’वर ठाम ठेवायचा, अशा खुणा बाईंच्या प्रतीत पेन्सिलीने केल्या. गाळ कोण उपसत असे याचं उत्तर निवेदनात ‘ते आपल्याला ठाऊक नाही’ असंच ठेवलं. बाईंना तिथे सफाई कामगाराचं एक पात्र हवं होतं. त्यावर आमचं बोलणं झालं आणि पात्राऐवजी मुलांनीच अंदाज सांगायचा, असं ठरलं.

शेवटी सगळं मोठ्याने वाचलं. जिथे एका श्वासात वाक्य संपेना, तिथे ते तोडलं. व्यापार, मुद्रा आणि ऱ्हास या धाग्यात बसेनात, ते पुढच्या तासाला गेले. स्लाइडवर फक्त विहीर, न्हाणी, गटार आणि महास्नानगृह यांची चित्रं उरली, मजकूर एक शब्दही नाही. पडद्यावर अक्षरं दिसली की मुलं वाचत बसतात आणि ऐकणं सुटतं. प्रत्येक चित्र त्याच्या वाक्यानंतर दाखवायचं, आधी नाही.