रॅम्प फिल्टरचं ते शून्य: बॅक-प्रोजेक्शन करताना मी कुठे अडकले

‘प्रत्येक प्रोजेक्शनच्या फूरिए रूपाला |ω| ने गुणा आणि बॅक-प्रोजेक्ट करा.’ सीटी स्कॅनमध्ये वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या प्रोजेक्शनांवरून, म्हणजे किरणांच्या मोजमापांवरून, आतलं चित्र परत उभं करायची ही कृती; ω म्हणजे वारंवारता. हे वाक्य मी इतक्या नोट्समध्ये वाचलंय की आता ते दिसलं तरी डोकं तापतं. वाक्य खोटं नाही. पण ते जसंच्या तसं कोडमध्ये उतरवलं की चित्र येतं, अगदी देखणं येतं, आणि त्यातले आकडे चुकलेले असतात. पुढच्या ओळीत नोट्स नॉइजकडे वळलेल्या असतात, त्यामुळे तिथे कुणी दाद लागू देत नाही.

कुणाला हे स्वतः करून बघायचं असेल तर पहिलं सांगते: सुरुवातीला डोक्याच्या स्कॅनसारखं गुंतागुंतीचं चित्र घेऊ नका. मी एक साधी चकती घेतली. 128 × 128 पिक्सेलचं चित्र, बरोबर मध्यभागी 40 पिक्सेल त्रिज्येची चकती, आत किंमत 1, बाहेर 0. तिचा मोठा फायदा असा की कुठल्याही कोनातून बघा, प्रोजेक्शन एकच. केंद्रापासून s अंतरावरून जाणाऱ्या किरणाला चकतीत जेवढी लांबी कापावी लागते तेवढी त्याची किंमत, म्हणजे 2√(1600 − s²). मधोमध 80, कडेला 0. सगळी उत्तरं कागदावर काढता येतात, आणि पुढे मला तोच एक आधार उरला.

फिल्टर न लावता बॅक-प्रोजेक्शन केलं तर काय होतं ते आधी बघून घ्या. प्रत्येक प्रोजेक्शनमधली किंमत ती ज्या रेषेवरून आली त्या अख्ख्या रेषेवर पसरायची आणि सगळ्या कोनांची बेरीज करायची, इतकंच. 0 ते π पर्यंत बेरीज केली की चकतीच्या केंद्रात 80π, म्हणजे 251 येतात. चकतीच्या कडेवर 160 येतात. आणि केंद्रापासून 64 पिक्सेलवर, जिथे काहीच नाही, तिथेही साधारण 83. रिकाम्या जागेत केंद्राच्या एक तृतीयांश! वस्तूतला प्रत्येक बिंदू आपल्याभोवती 1/r असा विरत जाणारा डाग सोडतो, आणि त्या डागांची बेरीज म्हणजे हे धुरकट चित्र. कोन वाढवून हे जात नाही. हजार कोन घेतले तरी 251, 160 आणि 83 हेच राहतात.

याचं कारण फूरिए स्लाइसचं प्रमेय सांगतं, आणि हा भाग मला खरंच आवडला. शून्य अंशाचं प्रोजेक्शन घ्या. तिथे आपण चित्राची y दिशेने बेरीज केलेली असते. चित्राच्या द्विमितीय फूरिए रूपातही y ची वारंवारता शून्य धरली की नेमकी हीच बेरीज आधी होते आणि मग x दिशेचं रूपांतर उरतं. म्हणजे प्रोजेक्शनचं एकमितीय फूरिए रूप ही चित्राच्या द्विमितीय रूपाची केंद्रातून जाणारी एक रेषा झाली. चित्र फिरवलं की त्याचं फूरिए रूपही तेवढंच फिरतं, म्हणून हे कुठल्याही कोनाला लागू.

आता या सगळ्या रेषा केंद्रातूनच जातात, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. तुंब्यापाशी गर्दी, धावेपाशी विरळ. केंद्रापासून ω अंतरावर माहितीची दाटी 1/|ω| इतकी असते. साधं बॅक-प्रोजेक्शन ती दाटी तशीच जमा करतं, त्यामुळे कमी वारंवारता फाजील मोजल्या जातात आणि चित्र धुरकटतं. प्रत्येक वारंवारतेला |ω| ने गुणलं की हिशेब सरळ होतो. आलेखावर हे गुणक शून्यापासून सरळ चढतं, म्हणून त्याला रॅम्प म्हणतात.

इथवर सगळं सुरळीत झालं, सांगण्यासारखं काही नाही. मग मी रॅम्प लावला. 128 नमुन्यांचं प्रोजेक्शन, त्याचा एफएफटी, म्हणजे संगणकावरचं झटपट फूरिए रूपांतर, मग |ω| ने गुणाकार, उलटा एफएफटी, बॅक-प्रोजेक्शन. पडद्यावर स्वच्छ, धारदार कडेची चकती. केंद्रातला आकडा छापून बघितला तर 0.83. बाहेर, जिथे 0 हवं, तिथे −0.2 च्या आसपास.

शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, “अगं, चित्र तर बरोबर आलंय, आता काय शोधत बसलीयस?” खरं तर खोच इथेच होती. चित्र दाखवणारा प्रोग्राम सर्वांत लहान किंमत काळी आणि सर्वांत मोठी पांढरी करून मोकळा होतो. अख्खं चित्र खाली सरकलं तरी डोळ्यांना काही कळत नाही. पण समजा ही चकती पाण्याची असती. सीटीच्या हाउन्सफील्ड मापात पाणी 0, हवा −1000. मग 0.83 म्हणजे −170. चरबी −100 च्या आसपास असते. माझं पाणी चरबीच्याही खाली गेलं होतं!

पहिला संशय कुणालाही येईल तो गुणकाचा: K कोन असतील तर त्यांच्यातलं अंतर π/K घेतलंय का, दोनने कुठे भागायचं राहिलंय का. ही शंका अशी तपासा. गुणक चुकला असेल तर बाहेरचं शून्य शून्यच राहतं, कारण शून्याला कशानेही गुणा. माझ्याकडे बाहेरचंही खाली गेलं होतं, आणि आतलं-बाहेरचं अंतर जवळजवळ 1 च होतं. उंची ठीक, पायाच खचलेला. म्हणजे दोष शून्य वारंवारतेपाशी, जिथे |ω| च्या सूत्राप्रमाणे मी इमानदारीत 0 ठेवलं होतं.

पण सूत्रात तिथे 0 च आहे ना? यावर मी बरीच चिडचिड केली. शेवटी चकतीचं फिल्टर केलेलं प्रोजेक्शन कागदावर काढलं तेव्हा उलगडा झाला. चकतीच्या आत ते सपाट असतं, सगळीकडे 1/π, म्हणजे 0.318. कडेच्या लगेच बाहेर ते एकदम खोल ऋण होतं आणि मग हळूहळू शून्याकडे येतं, साधारण 1/s² च्या वेगाने. ही शेपटी कुठेच संपत नाही. आतल्या सपाट भागाची बेरीज 0.318 × 80, म्हणजे 25.46, आणि दोन्हीकडच्या शेपट्यांची मिळून −25.46. एकूण शून्य. शून्य वारंवारतेला 0 असण्याचा अर्थ तोच. पण ही बेरीज अनंत लांबीच्या रेषेवर शून्य होते! माझी खिडकी 128 पिक्सेलची. शेपटीपैकी −16.5 खिडकीत बसते, उरलेली −8.9 बाहेर राहते.

एफएफटीला ‘बाहेर’ ही गोष्टच माहीत नाही. त्याच्या लेखी सिग्नल 128 नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्यामुळे बाहेरची −8.9 शेपटी तो दुमडून आत आणतो आणि खिडकीतच बेरीज शून्य करून दाखवतो. केंद्रात याचा परिणाम किती तर 0.17. म्हणून 0.83.

यावर सगळ्यांचा एकच सल्ला असतो: शून्यं जोडून सिग्नल लांब करा. केलं. 256 ला केंद्रात 0.96 येतात, 512 ला 0.99. लांबी दुप्पट केली की चूक साधारण चौथाई होते. निदान पक्कं झालं, पण रोग गेला नाही.

खरा इलाज 1971 सालचा आहे. जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी फूरिए रूपांतराऐवजी कन्व्होल्यूशनने पुनर्रचना करायची रीत मांडली. म्हणजे फिल्टर वारंवारतेत न लिहिता थेट पिक्सेलमध्ये लिहायचा. मध्यभागी 1/4, विषम अंतरांवर −1/(π²n²), सम अंतरांवर शून्य. गंमत अशी की ‘राम-लॅक’ हे नाव सगळे घेतात आणि मग वारंवारतेत सरळ रेष आखून मोकळे होतात. मूळ कामाचा सगळा कस तर या पिक्सेलमधल्या आकड्यांत आहे.

एफएफटीचा वेग हवाच असेल तर तो सोडायची गरज नाही. फिल्टर पिक्सेलमध्ये लिहा आणि मग त्याचा एफएफटी घ्या:

```python
n = np.fft.fftfreq(256, d=1/256)
h = np.zeros(256)
h[0] = 0.25
odd = (n % 2 == 1)
h[odd] = -1 / (np.pi * n[odd])**2
H = np.real(np.fft.fft(h))
```

आता `H[0]` छापून बघा. 0 येत नाही, 0.00079 येतं. शेजारच्या खणात सरळ रॅम्पची किंमत 1/256, म्हणजे 0.0039 असती, तिच्या साधारण पाचवा हिस्सा. एवढासा आकडा, पण कापलेल्या शेपटीचा हिशेब त्यात आणि आसपासच्या खणांतल्या बारीक फरकांत आहे. प्रोजेक्शन 256 पर्यंत शून्यांनी वाढवून `H` ने गुणलं, आणि केंद्रातली किंमत 1 वर येऊन बसली, बाहेरची शून्यावर. त्या दिवशी मी तो आकडा उगाचच पुन्हा पुन्हा छापून बघितला.

शून्यं जोडणं इथेही लागतं, पण कारण वेगळं. 128 चा सिग्नल आणि त्याला पुरेल इतका फिल्टर यांचं कन्व्होल्यूशन दुमडू नये म्हणून 255 जागा लागतात, पुढची सोयीची संख्या 256. त्यापुढे 512 केलं तरी खिडकीतलं उत्तर बदलत नाही. बदललं तर फिल्टर अजून वारंवारतेतच लिहिला जातोय असं समजा.

नॉइजचं राहिलं. रॅम्प सर्वांत मोठ्या वारंवारतांना सर्वांत जास्त वाढवतो आणि मोजमापातला नॉइज तिथेच ठळक असतो. म्हणून `H` ला वरून हॅन किंवा शेप-लोगनसारखी उतरती खिडकी लावतात. ती लावताना `H[0]` ला हात लागत नाही ना एवढं बघा, कारण या खिडक्यांची किंमत शून्य वारंवारतेला 1 असते आणि ती तशीच राहायला हवी.

आणि कोन किती घ्यायचे हे आधीच सांगायला हवं होतं. डिटेक्टरच्या खणांच्या दीडपट, नेमकं π/2 पट, म्हणजे 128 ला साधारण 200. कमी घेतले तर कडेपासून रेघा निघालेल्या दिसतात, पण त्या निदान डोळ्यांना दिसतात तरी. वस्तू डिटेक्टरच्या रुंदीत मावतच नसेल तर मात्र वरचं काहीच कामाला येत नाही. तिथे शून्यं जोडणं म्हणजे वस्तू कडेलाच संपली असं खोटं सांगणं, आणि चित्राच्या काठाशी पांढरी झळाळी उमटली की ओळखायचं.