ब्लूटूथ तुटतंय: भिंतीवर संशय होता, निघाली हार्ड डिस्क

रविवार. हॉलमधल्या रास्पबेरी पाय 4 वरून आईच्या हेडफोनवर अभंग लावतो. सदाशिव पेठेतलं आमचं घर जुनं, हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत चांगली जाड विटांची, त्यामुळे आवाज तुटला की दोष भिंतीलाच दिला जायचा. आज आधी मोजायचं ठरवलं. हेडफोन जोडलेला असताना, पुढे त्याचा पत्ता देऊन:

```
hcitool rssi 00:11:22:33:44:55
```

इथे 0 आलं तर सिग्नल हवा तेवढा आहे. उणे आकडा म्हणजे तो तितके डेसिबल कमी पडतोय. स्वयंपाकघरात -14 आलं. हॉलमध्ये, पायपासून दोन मीटरवर, 0. पण आवाज हॉलमध्येही तुटत होता! सिग्नल भरपूर असूनही तुटतंय, म्हणजे अंतर किंवा भिंत नव्हे, गोंगाट.

सोमवार. पायवर वायफाय आणि ब्लूटूथला एकच अँटेना आहे, म्हणून मी वेगळा डोंगल लावला होता. तो मात्र गाण्यांच्या यूएसबी 3.0 हार्ड डिस्कला अगदी खेटून. डिस्क काढून मेमरी कार्डावरचे अभंग लावले, तासभर एकदाही तुटलं नाही. यूएसबी 3.0 च्या केबल आणि जोडणीतून 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट गळतो, आणि ब्लूटूथ नेमकं तिथेच चालतं. पायचा आवाज हेडफोनला व्यवस्थित पोचत असतो. हेडफोनकडून परत येणारी ‘मिळालं’ ही पोच मात्र त्या गोंगाटात बुडते. मग पाय तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो आणि तेवढ्यात हेडफोनमधला साठा संपतो.

डिस्क परत लावली, डोंगल एक मीटरच्या यूएसबी 2.0 एक्स्टेन्शनवर लांब नेला. हॉल साफ.

बुधवार. आता खरी भिंत. एक्स्टेन्शनचं टोक टीव्हीमागून काढून दाराच्या चौकटीवर, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच टेकवलं. तिथून सिग्नल भिंतीतून न जाता उघड्या दारातून जातो. फ्रिजचा पत्राही वाटेतून गेला. स्वयंपाकघरात -14 चे -5 झाले.

“आता नाही रे तुटत,” आई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. ती पाठमोरी झाली की अजून -9 पर्यंत उतरतं, कारण शरीरातलं पाणी हा सिग्नल शोषतं. पण तेवढ्यावर अभंग चालतात.

शुक्रवार. रात्री नऊनंतर क्वचित एखादा तुकडा जायचा. ब्लूटूथ 79 चॅनेलांवर सेकंदाला 1600 उड्या मारतं आणि गजबजलेले चॅनेल टाळतं, पण आसपासच्या सगळ्या घरांची वायफाय सुरू झाली की मोकळे चॅनेल कमी उरतात. शेजाऱ्यांचं काही करता येणार नाही. आपला लॅपटॉप आणि पाय तेवढे 5 गिगाहर्ट्झवर हलवले. कालपासून तुकडा गेलेला नाही. रविवारची गर्दीची संध्याकाळ मोजायची राहिली आहे.