फोटो पाहून एसी ओळखायला बसलो अन् सहा कॅसेट लिहून मोकळा झालो

मागच्या मार्चमधली गोष्ट आहे. आमच्या काकांचं एसी सर्विसिंगचं छोटं दुकान आहे, सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत, अन् मी बी.कॉम. करून घरी बसलो होतो म्हणून काका म्हणाले ये दुकानात, लिस्टा बनव. उन्हाळ्याच्या आधी सगळे क्लासेस, दवाखाने, ऑफिसं वर्षभराच्या मेंटेनन्सचं कोटेशन मागतात, अन् प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवायला वेळ नसतो, तर ते फोटो पाठवतात आणि आपण फोटोवरून लिहायचं की मशीन कोणत्या टाईपचं आहे, कोणते पार्ट दिसताहेत, किती आहेत. मला वाटलं यात काय, एसी तर एसीच असतो.

पहिलंच काम धरमपेठेतल्या एका कोचिंग क्लासचं आलं. त्यांच्या शिपायाने फोनवर धडाधड चाळीस-एक फोटो टाकले, काही तिरपे, काही अर्धे, एकात तर निम्मा पंखाच होता. मी एका दुपारी सगळे पाहून लिस्ट बनवली. स्प्लिट १४, विंडो ४, छतात बसणारी कॅसेट ६. एकूण २४. काकांना दिली तर त्यांनी ती मोठ्या मिस्त्रींकडे सरकवली, आमच्याकडे ते वीस वर्षांपासून आहेत. मिस्त्रींनी चहा पिता पिता लिस्ट पाहिली अन् मला एकच विचारलं, "गच्चीवरच्या फोटोत आउटडोअर किती आहेत बे?"

मी मोजले. पंधरा.

"मग चौदा स्प्लिट अन् सहा कॅसेट म्हणजे आउटडोअर किती पाहिजे?"

वीस. विंडोला आउटडोअर नसतंच, त्याची अर्धी बॉडी स्वतःच भिंतीबाहेर असते, ते मला माहीत होतं. मी म्हटलं जी, एका मोठ्या आउटडोअरवर खूप इनडोअर चालतात तसलं असेल, वीआरएफ का काय म्हणतात ते. मिस्त्री हसले नाहीत पण हसण्यासारखं तोंड केलं. म्हणे असू शकते, पण आधी त्या सहा फोटोंत पाहून सांग, हवा आत कुठून जाऊन राहिली अन् बाहेर कुठून येऊन राहिली.

हा एवढाच प्रश्न. खरं सांगतो, सगळं कामच या प्रश्नावर चालते. एसी खोलीतलीच हवा ओढते, थंड करते अन् परत खोलीत सोडते, म्हणून खोलीच्या बाजूला दोन रस्ते पाहिजेतच, एक आत जायचा अन् एक बाहेर यायचा. कोणता रस्ता कुठे आहे ते फोटोत सापडलं की टाईप आपोआप समजते.

स्प्लिटचं सोपं आहे. भिंतीवर आडवा लांब डबा, हवा वरच्या जाळीतून आत जाते अन् खालच्या फटीतून बाहेर येते. खालच्या फटीवर जी आडवी पट्टी वरखाली होते ती लूव्हर, काही लोक तिला फ्लॅप म्हणतात, अन् तिच्या आत डावी-उजवी वळणाऱ्या छोट्या उभ्या पट्ट्या असतात. मी लिस्टमध्ये लूव्हरच्या जागी 'ब्लोअर' लिहिलं होतं. ब्लोअर म्हणजे आतला लांब गोल पंखा, तो लूव्हर उघडी असली तर अंधारात थोडासा दिसतो, बंद एसीच्या फोटोत दिसतच नाही. समोरचं झाकण म्हणजे फ्रंट पॅनल, ते उचललं की मागे जाळीचे फिल्टर, अन् फिल्टरच्या मागे कॉइल. म्हणजे पॅनल बंद असताना 'फिल्टर' अन् 'कॉइल' हे दिसणाऱ्या पार्टात लिहायचंच नाही, हे मला मिस्त्रींनी दोनदा सांगितलं.

आउटडोअरच्या खाली तर मी सरळ 'कॉम्प्रेसर' लिहिलं होतं. आपण बोलतानाही म्हणतो ना, वर कॉम्प्रेसर बसवला. मिस्त्री म्हणे, "तुले कॉम्प्रेसर दिसला का? तो पत्र्याच्या आत आहे. तुले दिसली पंख्याची जाळी." मग नीट पाहिलं. समोर पंख्याची जाळी, मागच्या अन् एका बाजूला बारीक पत्र्यांची कॉइल, साईडला झाकणवाले दोन व्हॉल्व, त्यातून निघणारे दोन तांब्याचे पाईप, एक जाड अन् एक बारीक, वर काळा फोम गुंडाळलेला. खाली लोखंडी ब्रॅकेट नाहीतर स्टँड. बस एवढंच दिसते. ड्रेनचा पाईप वेगळा, तो प्लास्टिकचा असतो अन् इनडोअरमधून येतो, मी एका फोटोत त्यालाच गॅसचा पाईप लिहिला होता.

विंडोत गंमत वेगळी झाली. विंडोचं खोलीतलं तोंड म्हणजे एकच मोठी जाळी अन् तिच्या वर किंवा बाजूला हवा सोडणाऱ्या पट्ट्या, खाली बटणं किंवा डिस्प्ले. दोन्ही रस्ते एकाच तोंडावर. बाहेरून फोटो काढला तर मागे पूर्ण रुंदीची कॉइल दिसते, स्प्लिटच्या आउटडोअरसारखी गोल पंख्याची जाळी दिसत नाही, अन् दोन्ही बाजूंच्या पत्र्यात फटी असतात. बाहेरची हवा त्या बाजूच्या फटींतून आत जाऊन मागच्या कॉइलमधून गरम होऊन निघते. म्हणून तर बाजूच्या फटी सिमेंटने बुजवल्या की विंडो एसी गरम होऊन बंद पडते, अन् हे फोटोत दिसलं तर लिहून ठेवायचं असते. माझ्या चारपैकी एका 'विंडो'त मात्र फक्त पट्ट्याच होत्या. जाळी नाही, डिस्प्ले नाही, फिल्टरचं काहीच नाही. मिस्त्रींनी विचारलं आत जायचा रस्ता दाखव, मला सापडेना. बाहेरचा फोटो शोधला तर तीन बाजूंना वुडवूलच्या ताट्या अन् खाली पाण्याचे पांढरे डाग. कूलर होता, बाप्पा! शिपायाने जे जे थंड करते त्या सगळ्याचे फोटो काढले होते. नागपूरचा माणूस आहे, त्याच्यासाठी कूलर आधी, एसी नंतर. पण नियम तिथेही बरोबर बसला, कूलर बाहेरची हवा आत आणते, खोलीतून काही ओढत नाही, म्हणून खोलीच्या बाजूला त्याला एकच रस्ता असते.

आता ते सहा चौकोन. मोठ्या लेक्चर हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये, दोन बाय दोन फुटांच्या टाईलच्या जागी बरोबर बसलेले सहा पांढरे चौकोन. मी कॅसेट का लिहिलं, तर छतात चौकोनी काही दिसलं की कॅसेट एवढंच मला माहीत होतं, अन् छोटी कॅसेट खरंच त्याच मापाची येते, सहाशे बाय सहाशे मिलीमीटरच्या खाचेत बसणारी. माप पाहून फसणं साहजिक होतं (असं मी माझं समाधान करून घेतो).

मिस्त्रींनी दुसऱ्या एका दवाखान्याचा जुना फोटो काढून शेजारी ठेवला, त्यात खरी कॅसेट होती. तिच्यात मधोमध चौकोनी जाळी, तिथून हवा आत जाते, जाळीच्या मागे फिल्टर. चारही कडांना एकेक लांब अरुंद फट, प्रत्येकीवर हलणारी लूव्हर, तिथून हवा बाहेर येते. एका कोपऱ्यात छोटा लाईट अन् रिमोटचा रिसिव्हर. बाकी सगळी बॉडी, कॉइल, पंखा, ड्रेनचं पाणी वर उचलणारा छोटा पंप, हे सगळं सीलिंगच्या वर लपलेलं, फोटोत फक्त पॅनल.

अन् माझ्या चौकोनांत? एकात एक असे लहान होत गेलेले चौकोन, पार मध्यापर्यंत, सगळ्या पट्ट्या बाहेरच्या दिशेने तिरप्या अन् पक्क्या. मधे जाळी नाही, लाईट नाही, रिसिव्हर नाही. म्हणजे हवा बाहेर यायचाच रस्ता होता, आत जायचा नव्हता. मी पुन्हा त्याच हॉलचे बाकीचे फोटो चाळले अन् एका फोटोच्या कडेला, दाराच्या वर, लांबलचक जाळी सापडली जी मी आधी व्हेंटिलेशनची समजून सोडून दिली होती. तिथून आत जात होती हवा. सहा चौकोन म्हणजे डिफ्यूझर, ती जाळी रिटर्न ग्रिल, अन् मशीन एकच, डक्टेबल, सीलिंगच्या वर लपलेलं, पत्र्याच्या डक्टने सहा ठिकाणी हवा वाटणारं. गच्चीवरचं पंधरावं आउटडोअर, जे बाकीच्यांपेक्षा उंच अन् एकावर एक दोन पंख्यांचं होतं, ते त्याचं. चौदा अधिक एक, पंधरा. हिशोब जुळला.

कोटेशन तसंच गेलं असतं तर आम्ही सहा कॅसेटच्या सर्विसिंगचे पैसे लावले असते अन् डक्टेबलसाठी सीलिंग उघडायला लागते त्याची तयारीच नसती. काकांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून थोडं डोकं लागलं. एक समजलं की नुसत्या आउटडोअरच्या फोटोवरून खाली स्प्लिट आहे की कॅसेट की डक्टेबल हे सांगता येत नाही, डबा सगळ्यांचा सारखाच दिसू शकते. अन् बंद कॅसेटच्या लूव्हर मिटलेल्या असतात तेव्हा कडेच्या फटी रेघेसारख्या दिसतात, तर फोटो मशीन चालू करूनच मागवायचा. एका बाजूनेच हवा फेकणारी कॅसेटही असते, लांबुळकी, ती छतात झोपवलेल्या स्प्लिटसारखी दिसते अन् मी एकदा तशीच लिहिली होती. टन किती, गॅस कोणता, हे फोटोतल्या आकारावरून लिहायचंच नाही, त्यासाठी स्टिकर पाहिजे. पण नागपूरच्या उन्हात आउटडोअरचं स्टिकर दोन-चार उन्हाळ्यांत उडून पांढरं पडते, म्हणून मी इनडोअरच्या साईडचं किंवा खालचं स्टिकर मागतो, अन् तेही डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणतो, नाहीतर चॅटमध्ये फोटो दाबला जाऊन आर-३२ आहे की आर-२२ काही वाचता येत नाही.

आता कोणी कोटेशन मागितलं की चार फोटो सांगतो. एक दारातून पूर्ण खोलीचा, भिंत अन् छत दोन्ही येईल असा. एक मशीनच्या समोरून, चालू असताना. एक स्टिकरचा. एक गच्चीवरून सगळे आउटडोअर एकत्र. पहिला लोकांना फालतू वाटते, रिकाम्या खोलीचा कशाला म्हणतात, पण दारावरची ती जाळी त्याच फोटोत सापडते.

क्लासवाल्यांना दुसरी लिस्ट पाठवली. स्प्लिट १४, विंडो ३, डक्टेबल १. त्यांच्या मॅनेजरचा लगेच फोन, म्हणे भाऊ, आमच्याकडे तर सहा कॅसेट आहेत, तुम्ही विसरले का?