तुम्ही विचारलंत म्हणून: ‘झालं’ आणि ‘केलंस’

‘मॅडम, मैत्रीण भेटायचं ठरवते आणि दरवेळी ऐनवेळी रद्द करते. भांडायचं नाहीये, दोषही द्यायचा नाहीये. पण मला लागतं, हे तिला कळायला हवं. तुम्ही तुमच्या मैत्रिणीला नेमकं काय लिहिलं होतंत?’

मी आधी जे लिहिलं होतं ते पाठवलं नाही. तिथूनच सांगते.

मी डोंबिवलीला राहते, ती बोरिवलीला. एक मध्य रेल्वेवर, दुसरी पश्चिमवर, त्यामुळे कॉलेज संपल्यापासून आमची भेट म्हणजे दादर. जूनपासून ठरलेल्या भेटी राहत गेल्या. सप्टेंबरात शिवाजी मंदिरला एका नाटकाचा साडेतीनचा प्रयोग होता, तिनेच सुचवलेला. दोन तिकिटं काढली. माझी गाडी ठाणे सोडत होती तेव्हा तिचा मेसेज आला, ‘सॉरी गं, नाही जमत आज.’ मी नाटकाला गेले. शेजारच्या खुर्चीवर पर्स आणि छत्री ठेवली. मध्यंतरात बटाटेवडे घ्यायला रांगेत उभी राहिले आणि सवयीने दोन प्लेट सांगितल्या. पैसे देऊन झाल्यावर लक्षात आलं. दुसरी प्लेट हातात धरून मी तिथल्या भिंतीशी उभी होते आणि घशाखाली घास उतरत नव्हता.

त्या रात्री अकराच्या सुमारास मी लिहिलं: ‘ठीक आहे. सवय झालीये आता. निदान आदल्या दिवशी तरी कळवत जा, म्हणजे मी दुसरं काही ठरवीन. तू नेहमीच बिझी असतेस. असो.’

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मजकूर वाचला तेव्हा एकेक शब्द टोचायला लागला. ‘निदान’ आणि ‘तरी’ एका वाक्यात आले की समोरच्याला तू किमान गोष्टही करत नाहीस असं ऐकू येतं. ‘नेहमीच’मधला तो ‘च’ तर सगळी दारं बंद करतो. ती जेव्हा जेव्हा आली होती, माझ्या बाबांच्या आजारपणात रात्रभर दवाखान्यात बसली होती, ते सगळं त्या एका अक्षराने पुसलं जातं. आणि शेवटचं ‘असो’. आपल्याकडे ‘असो’ म्हणजे माझं बोलून झालं, आता तुझं ऐकायची इच्छा नाही. पत्रात तो शब्द विषय बदलायला येतो, पण रुसव्यात तो दार आपटायला येतो. एक बरं, की मी तिला ‘तुम्ही मोठी माणसं’ असं काही लिहिलं नव्हतं. जवळच्या माणसाला अचानक अहोजाहो करणं हा आपल्या घराघरातला टोमणा आहे, आणि तो वर्षानुवर्षं विसरला जात नाही.

मग मी ठरवलं की वाक्यांचे कर्ते बदलून बघायचे.

मराठीत एक मोठी सोय आहे. ‘तू भेट रद्द केलीस’ असंही म्हणता येतं आणि ‘भेट राहिली’ असंही. दुसऱ्या वाक्यात काहीच खोटं नाही, फक्त कुणाकडे बोट नाही. ‘केलंस’च्या जागी ‘झालं’, ‘राहिलं’, ‘हुकलं’ ठेवून बघा. आणि भावनेच्या बाबतीत तर भाषा आपल्या बाजूनेच आहे: मला वाईट वाटतं, मला चुकल्यासारखं होतं, माझा जीव लागत नाही. दुःख मला होतंय एवढंच ही वाक्यं सांगतात, ते कुणी दिलं ते सांगत नाहीत. ‘तू मला दुखावलंस’ म्हटलं की मात्र समोरची व्यक्ती लगेच सफाई द्यायला लागते, आणि मग बोलणं आपल्या दुखण्यावर न राहता तिच्या कारणांवर जातं.

इथे एक फसगत होते, आणि माझ्याकडे फोन घेऊन येणाऱ्यांच्या मजकुरात ती मला सर्वांत जास्त दिसते. ‘मला वाटतं की तू मला टाळतेस.’ लिहिणाऱ्याला वाटतं, मी माझी भावनाच तर सांगितली. पण ‘वाटतं’नंतर ‘की’ आला की पुढे बहुतेक वेळा आरोपच येतो. भावना ‘वाटतं’च्या आधी असते: एकटं वाटतं, परकं वाटतं, भीती वाटते. मजकूर लिहून झाला की ‘वाटतं की’ शोधा. सापडलं तर ते वाक्य काढून, त्यामागे आपल्याला नेमकं काय होतंय ते लिहा. ‘तू मला टाळतेस’च्या मागे माझ्यापुरतं होतं ते हे: मला तिच्या आयुष्यातून बाहेर पडल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘जूनपासून चार वेळा.’ तेही काढलं. आकडा खरा होता, पण आकडा दिसला की वाचणाऱ्याला कळतं, ही मोजत बसली होती. त्याऐवजी एकच प्रसंग घेतला आणि तो जवळून सांगितला. ‘तुझी कारणं खरी असतील’ हे वाक्यही काढलं, कारण ‘असतील’मध्ये शंका डोकावते. कारणांचा उल्लेखच केला नाही. ‘तू मला खूप जवळची आहेस, पण’ असं एक वाक्य होतं. आपण सगळे ‘पण’च्या आधीचं ऐकतच नाही, म्हणून तिथे पूर्णविराम दिला आणि पुढचं वाक्य नव्याने सुरू केलं.

शेवटी जे पाठवलं ते असं होतं:

‘अगं, एक मनातलं लिहितेय. घाई नाही, सवडीने वाच. तू मला खूप जवळची आहेस. रविवारी नाटकाला तुझी खुर्ची रिकामी राहिली. मध्यंतरात मी सवयीने दोन प्लेट वडे घेतले आणि एकदम रडू आलं. हल्ली आपली भेट ठरून राहते तेव्हा मला दोन-तीन दिवस उदास वाटतं, आणि आता नवीन काही ठरवायचीही भीती वाटते. हे मनात ठेवलं असतं तर मी तुझ्याशी तुटक वागले असते. ते मला नको आहे, म्हणून सांगितलं. सध्या भेटणं जड जातंय का? तसं असेल तर तसंच सांग, मला चालेल. नुसतं फोनवर बोलू, किंवा मीच बोरिवलीला येते.’

यातला प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर ‘हो’ असलं तरी तिला लाज वाटू नये असा आहे. ‘का येत नाहीस?’ विचारलं असतं तर तिला कारण द्यावं लागलं असतं. ‘जड जातंय का?’ला नुसतं ‘हो गं’ म्हटलं तरी पुरतं.

कधी पाठवलं तेही सांगते, कारण त्याने फरक पडतो. रद्द झालेल्या दिवशी नाही. त्या दिवशी आपण लिहिलेलं सगळं रागाचंच वाचलं जातं. मी बुधवारी सकाळी दहा वाजता पाठवलं, ती कामावर पोचून स्थिरावलेली असते तेव्हा. कॉलेजच्या ग्रुपवर नाही, तिला एकटीला. आणि तिच्या ‘नाही जमत आज’वर बोट ठेवून ‘रिप्लाय’ केला नाही, कारण तसं केलं की तिचंच वाक्य माझ्या मजकुराच्या डोक्यावर चिकटून जातं, पुराव्यासारखं.

ते गेलं आणि निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही. दुपारी मला इतकं अस्वस्थ झालं की मी ‘जाऊ दे, फार मनावर घेऊ नकोस’ असं टाइप केलं होतं. ते पाठवलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं. आपण एवढ्या कष्टाने खरं सांगतो आणि मग घाबरून ते परत घेतो. समोरच्याला मग कळतच नाही की त्यातलं काय धरायचं. दोन दिवस गप्प राहणं हे त्या मजकुराचंच काम आहे.

प्रत्येकाला हवं तसं उत्तर मिळतं असं नाही. आमच्या स्टाफरूममधल्या एकीने तिच्या मैत्रिणीला असंच प्रेमाने लिहिलं होतं. उत्तर आलं, ‘सॉरी यार, कामं फार आहेत.’ तिच्या वाटण्याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. पुढे तिने स्वतःहून ठरवणं थांबवलं, आणि तिकडूनही कधी विचारणा झाली नाही. मजकूर कितीही नीट लिहिला तरी तो माणसाला ओढून आणत नाही. तिला वाईट वाटलं, अजून वाटतं. तरी ती म्हणते, मी कडू काही लिहिलं नाही, त्यामुळे ती रस्त्यात भेटली तर मला मान फिरवावी लागणार नाही.

माझ्या मैत्रिणीचं उत्तर शुक्रवारी रात्री आलं. चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज. पहिला अर्धा मिनिट नुसता पंख्याचा आवाज. मग तिने सांगितलं की मे महिन्यात तिच्या नवऱ्याची नोकरी गेली. घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं, माहेरीसुद्धा. ‘ठरवताना मला खरंच यायचं असतं गं. मग सकाळी उठून मी हिशोब करते. तिकीट, रिक्षा, बाहेरचं खाणं. आणि तू म्हणणार, मी देते. ते मला ऐकवलं नसतं.’

मी ते तीनदा ऐकलं. रविवारी नाटकगृहात उभी राहून मी तिच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं ते आठवलं, आणि तो पहिला मजकूर गेला असता तर ती हे मला कधीच बोलली नसती, हेही. तिच्या ‘मी देते’ला मी उत्तर दिलं नाही. एवढंच लिहिलं: ‘पुढच्या रविवारी सकाळी आठला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. मी थर्मासमध्ये चहा आणते.’

ती आली, पोह्यांचा डबा घेऊन. नवऱ्याबद्दल आम्ही पहिल्या तासात काहीच बोललो नाही. उन्हं कट्ट्यावर आली तेव्हा तिने आपणहून सांगायला सुरुवात केली.

नोव्हेंबरात एक भेट पुन्हा राहिली. या वेळी मेसेज आदल्या संध्याकाळी आला होता: ‘उद्या होणार नाही असं दिसतंय. मला फार वाईट वाटतंय.’ मी वाचलं आणि लगेच तिला फोन लावला.