बोक्यासाठी अर्ज

भाडेकरारात भिंतीला खिळे ठोकू नयेत या कलमाच्या लगेच खाली लिहिलंय, 'पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत.' करार केला तेव्हा ते वाचलंच नव्हतं. अंगठा मशीनवर नीट उमटतोय का, याचंच टेन्शन होतं. आता मैत्रिणीकडे पाच महिन्यांचा बोका माझी वाट बघतोय, म्हणून घरमालक काकांना पत्र लिहायला बसले.

फोन केला असता तर दोन मिनिटांत झालं असतं. पण फोनवरचं 'बरं, ठेवा' डिपॉझिट परत घेताना कुणाला आठवतं? करार नोंदवलेला, तेव्हा होकारही लेखी हवा. पुढच्या अकरा महिन्यांचा करार करताना ते कलमच बदलून घ्यायचं.

पहिल्या मसुद्यात बोका 'अत्यंत शांत व प्रेमळ' होता आणि खाली एक ठसका होता: भारतीय पशु कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं. मग ती नीट वाचली. ती कुत्र्यांबद्दलची, आणि सोसायट्यांना उद्देशून. काका सोसायटी नाहीत, घर त्यांचं आहे. ठसका खोडला. प्रेमळही खोडला, कारण काकांना बोक्याच्या स्वभावाशी काय करायचंय? त्यांना भीती वासाची.

ती भीती खरी आहे. वयात आलेला बोका शेपूट ताठ करून भिंतीवर, कपाटाच्या पायाशी पिचकारी मारतो. ही हद्द माझी, एवढंच त्याचं म्हणणं. ते प्लायवूडमध्ये मुरलं की वरून रंग मारूनही जात नाही. ही सवय लागायच्या आत नसबंदी केली तर बहुतेक बोके त्या वाटेला जात नाहीत. म्हणून पत्रात लिहिलं: सहाव्या महिन्यात नसबंदी, डॉक्टरांच्या कागदाची प्रत तुम्हाला देईन. बोक्याच्या शी-शूचा लिटर ट्रे ड्राय बाल्कनीत, दिवसातून दोनदा साफ. बाल्कनीला जाळी माझ्या खर्चानं, जाताना काढून भोकं बुजवून देईन. नखांनी जे फाटेल, ओरखडेल, ते डिपॉझिटमधून कापा. फक्त घराचे आजचे फोटो सोबत जोडलेत, त्यांवर आपण दोघांनी सही करू.

तरी एक वाक्य अडलं होतं. बेडरूमच्या दाराला जुनी सागवानी चौकट आहे आणि मांजराला नखं घासायला असंच उभं, न हलणारं लाकूड लागतं. हे लिहावं की गप्प बसावं? लिहिलं. काथ्या गुंडाळलेला, त्याला अंग ताणता येईल एवढा उंच खांब त्या चौकटीशेजारीच ठेवेन, असंही लिहिलं.

तीन दिवसांनी काकांचं उत्तर आलं. "जाळीचं ठीक. फोटोंचंही ठीक. ती चौकट आमच्या जुन्या वाड्यातली आहे. खांब ठेवाच, पण चौकटीलाही कमरेपर्यंत काथ्या गुंडाळा. बोका यायच्या आधी. रविवारी बघायला येतो."

आज शुक्रवार. काथ्या आणलाय, पण खिळा न ठोकता तो चौकटीवर टिकवायचा कसा, हे अजून सुचलेलं नाही.