हिस्लॉप यांची नोंद

चरित्रकोशासाठी मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची नोंद लिहून आमची नवी सहकारी त्या दिवशी टेबलाशी आली. पहिल्याच ओळीत होतं : ‘नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे संस्थापक’. माणूस वारला १८६३ मध्ये, कॉलेज निघालं १८८३ मध्ये. हिस्लॉप यांनी काढली ती शाळा. कॉलेज तिच्यातून त्यांच्या पश्चात उभं राहिलं आणि त्यांचं नाव घेतलं. इंग्रजी मजकुरात शाळा-कॉलेज एका दमात येतं, तिथे पाय घसरतो.

मग तारखा. जन्माची एका ठिकाणी 8th Sept. 1817, मृत्यूची दुसरीकडे महिना आधी लिहून 9/4/1863. तिने दुसरी तारीख ‘९ एप्रिल’ केली होती. हा अमेरिकी क्रम. खरी तारीख ४ सप्टेंबर. पारखायला फार काही लागत नाही. हिस्लॉप टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडाले, आणि विदर्भात एप्रिलमध्ये नाल्याला पूर? आमच्याकडे नियम एकच : दिवस, महिन्याचं नाव, पूर्ण वर्ष, ‘रोजी’ नाही, आकडी महिना नाही.

वयाचाही घोळ होता. ८ सप्टेंबरचा जन्म, म्हणजे सेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस कमी. तिने ‘४६ वर्षांचे असताना’ लिहिलं होतं. ‘वयाच्या ४६व्या वर्षी’ हे बरोबर, कारण ते चालू वर्ष सांगतं.

नावांपाशी मात्र वाद झाला.

“मॅडम, इंग्रजी उच्चार हिझ्लॉप आहे, मी ऐकून पाहिलं.”

“हौ, पण बर्डीत कोणाला विचारशील? रूढ नाव तेच शीर्षकात जाईल.”

उच्चाराचा नियम मी मोडत नाही, पण गावात इतकी वर्षं वापरात असलेलं रूप त्याच्या वर बसतं. जुन्या पुस्तकांतल्या गावांचंही तसंच. Kamptee म्हणजे कामठी, Seetabuldee म्हणजे सीताबर्डी. तिने ‘काम्पटी’ लिहून ठेवलं होतं! अक्षरं पाहून लिप्यंतर करायचं ते परक्या गावांचं, आणि तेही उच्चार तपासून.

सगळ्यात वेळ गेला तो विशेषणांत. मिशनऱ्यांची जुनी इंग्रजी चरित्रं मिशनच्याच माणसांनी लिहिलेली. त्यांत नायक थोर, निःस्वार्थी आणि ज्यांच्यात तो वावरला ते गोंड अज्ञानी. आम्ही दोन्ही टोकं छाटली. उरलं ते : ‘फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी आणि भूवैज्ञानिक. रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर परिसरातील खडक व जीवाश्मांवर शोधनिबंध. गोंड व इतर आदिवासींविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली.’ मिशनरी हा शब्द लपवायचा नाही, मिरवायचाही नाही. कौतुक ठेवायचंच असेल तर कोणी केलं ते सांगून.

“मग कॉलेज कुठे टाकू?” तिने विचारलं. “नागपूरचा वाचक आधी तेच शोधेल.”

बरोबर होतं तिचं. शेवटच्या परिच्छेदात घेतलं : ‘त्यांच्या नावाने १८८३ मध्ये नागपुरात महाविद्यालय स्थापन झाले.’ ‘त्यांनी’ नव्हे.